उड्डाणाचे तास आणि शिकवण्याची हातोटी: अर्जावरच्या पाच ओळी

व्यावसायिक वैमानिकाचा परवाना म्हणजे सीपीएल हाती आला की पुढची वाट विमान कंपनीकडेच जाते, असा आपला समज असतो. पण बऱ्याच मुली आधी उड्डाण प्रशिक्षक होतात. बारामती, गोंदिया, नागपूर या आपल्याकडच्या ठिकाणी वैमानिक घडवले जातात, आणि तिथे शिकवणारी माणसे लागतात. अशा जागेसाठी अर्ज करताना वर जी चार-पाच ओळींची ओळख लिहायची असते, तिच्याविषयी आज बोलू. ओळख छोटी असते, पण पुष्कळ अर्ज तिच्यातच अडखळतात.

ही ओळख वाचतो संस्थेचा मुख्य प्रशिक्षक. नव्या विद्यार्थ्याला तो तुमच्या शेजारी बसवणार आणि विमान तुमच्या भरवशावर सोडणार. म्हणून तुम्ही किती उडालात, यापेक्षा तुम्ही काय शिकवू शकता आणि कोणत्या अधिकाराने, हे त्याला पाहायचे असते. भारतात सीपीएलसाठी दोनशे तासांचे उड्डाण लागतेच. तेव्हा 'दोनशे तास पूर्ण' एवढेच लिहिले तर त्याला नवीन काहीच कळत नाही.

अधिकाराची गोष्ट आधी स्पष्ट करू. नुसत्या सीपीएलवर शिकवता येत नाही. त्यासाठी वेगळे रेटिंग घ्यावे लागते. आपल्याकडे त्याच्या दोन पायऱ्या आहेत: सहाय्यक उड्डाण प्रशिक्षक आणि पूर्ण उड्डाण प्रशिक्षक. सहाय्यक हा वरिष्ठाच्या देखरेखीखाली शिकवतो. विद्यार्थ्याला पहिल्यांदा एकट्याने उडायला सोडण्याची मंजुरी त्याच्या हातात नसते. म्हणून एखाद्या सहाय्यकाने 'बारा विद्यार्थ्यांना पहिले एकल उड्डाण करवले' असे लिहिले, की जाणकार वाचणारा तिथेच थबकतो. त्याऐवजी 'पहिल्या एकल उड्डाणापर्यंतची तयारी करून घेतली. मंजुरी वरिष्ठांनी दिली' असे लिहावे. ते खरेही आहे आणि वजनदारही.

आता एक उदाहरण घेऊन तास वाचू या. समजा, एका वैमानिक ताईच्या नोंदवहीत एकूण ४६० तास आहेत. त्यातले ४३५ तास सेस्ना १७२ या एका इंजिनाच्या विमानावरचे आणि २५ तास दोन इंजिनांच्या विमानावरचे. या ४६० पैकी ३३० तास ती स्वतः विमानाची प्रमुख होती. त्या ३३० मध्येच सहाय्यक प्रशिक्षक म्हणून शिकवण्याचे ११० तास येतात. रात्रीचे तास ३० आहेत.

तिचा पहिला मसुदा असा होता: 'एकूण ४६० तासांचा अनुभव. सेस्ना १७२ व बहुइंजिन रेटिंग. सुरक्षेबाबत जागरूक, मेहनती, संवादकुशल.' आकडे खरे आहेत, पण ते काही बोलत नाहीत. विशेषणे तर कोणीही लिहील. मग काय करायचे? प्रत्येक आकड्याला एक प्रश्न विचारायचा: या तासांमुळे मी विद्यार्थ्याला कोणती गोष्ट शिकवू शकते?

सर्वांत मोलाचे आहेत ते शिकवण्याचे ११० तास. वैमानिक डाव्या आसनावर बसून शिकतो, पण प्रशिक्षक उजव्या आसनावर बसतो. तिथे हात बदलतात. ज्या हाताने इंजिनाची शक्ती कमीजास्त करायची त्याच हाताने आता विमान वळवायचे असते, आणि दुसऱ्या हाताचेही काम असेच बदलते. मुख्य उपकरणे डाव्या बाजूला असतात, ती तिरकी पाहावी लागतात. उतरताना धावपट्टीही थोडी वेगळी दिसते. एकट्याने सुरेख उतरणारा वैमानिकही या आसनावर सुरुवातीला चाचपडतो. म्हणून 'उजव्या आसनावरून शिकवण्याचे ११० तास' हे शब्द ओळखीत वरच यायला हवेत.

दुसरे, ४३५ तास सेस्नावरचे. नवशिक्या विद्यार्थ्याची नेहमीची चूक उतरताना होते. जमीन जवळ येताच तो नाक वेळेवर उचलत नाही. मग पुढचे चाक आधी टेकते आणि विमान उसळते. ते पाहून घाबरून तो नाक पुन्हा खाली दाबतो आणि उसळी वाढत जाते. प्रशिक्षकाने किती वेळ गप्प बसायचे आणि कोणत्या क्षणी 'आय हॅव कंट्रोल' म्हणून विमान हाती घ्यायचे, हीच खरी कसोटी. लवकर घेतले तर विद्यार्थी शिकत नाही, उशीर झाला तर विमानाचे नुकसान होते. ताईच्या ओळखीत हे एका वाक्यात बसते: 'उतरण्याच्या चुका वेळीच ओळखून सुधारणे हे मुख्य काम.'

तिसरे, दोन इंजिनांचे २५ तास. इथे मोह आवरायला हवा. एक इंजिन बंद पडले की विमान त्या बाजूला वळू लागते, आणि ते सरळ ठेवण्यासाठी उलट बाजूच्या पायाने दाब द्यावा लागतो. ज्या पायाला काम उरत नाही, त्या बाजूचे इंजिन गेले, असे ओळखतात. हे तिला जमिनीवरच्या वर्गात छान समजावता येईल. पण २५ तासांच्या जोरावर 'बहुइंजिन प्रशिक्षक' म्हणवून घेता येत नाही. ते विमान उडवण्याचे रेटिंग वेगळे आणि त्यावर शिकवण्याची पात्रता वेगळी. मर्यादा स्वतःच लिहिली, तर बाकीच्या आकड्यांवरही विश्वास बसतो.

सुधारलेली ओळख अशी झाली:

'सीपीएलधारक, सहाय्यक उड्डाण प्रशिक्षक रेटिंगसह. एकूण ४६० तास, त्यातले ३३० प्रमुख वैमानिक म्हणून. सेस्ना १७२ वर उजव्या आसनावरून शिकवण्याचे ११० तास. वरिष्ठांच्या देखरेखीखाली विद्यार्थ्यांची पहिल्या एकल उड्डाणापर्यंतची तयारी. उतरण्याच्या चुका वेळीच ओळखून सुधारणे हे मुख्य काम. रात्रीचे ३० तास. बहुइंजिनाचे २५ तास. त्या विषयाची जमिनीवरची शिकवणी घेऊ शकते.'

प्रत्यक्ष अर्ज इंग्रजीत जाईल. बांधणी मात्र हीच ठेवावी.

विमान कंपनीतून येणाऱ्या बहिणींसाठी एक वेगळी सूचना. एअरबस ए३२० वर दीड हजार तास झाले असतील, पण त्या विमानात संगणक पुष्कळ काम सांभाळतो आणि विमान साधारण उडताना तोल राखण्याचे बारीक समायोजन आपोआप होते. सेस्नावर ते विद्यार्थ्याला हाताने आणि पायाने करायचे असते. म्हणून मोठ्या विमानाचे तास 'तपासणी यादीची शिस्त, एकमेकांच्या कामावर लक्ष ठेवण्याची सवय' अशा शब्दांत मांडा आणि छोट्या विमानावर शेवटचे कधी उडालात तेही सांगा. मुख्य प्रशिक्षक ते विचारणारच आहे.

शेवटी पडताळणी. अर्जावरचा प्रत्येक आकडा नोंदवहीशी जुळायला हवा. ४५८ चे ४६० करू नका. सिम्युलेटरवरचे तास विमानातल्या तासांत मिसळू नका. ते वेगळे लिहा. पेन्सिल घेऊन बेरीज करा: सेस्नाचे आणि दोन इंजिनांचे तास मिळून एकूण येतात का? शिकवण्याचे तास प्रमुख वैमानिकाच्या तासांच्या आत बसतात का? हीच बेरीज मुलाखतीत समोरचा माणूस नोंदवही उघडून करतो. ती जुळली, तरच पुढचे बोलणे विमानात बसून होते.