करावर कर: एका कूलरची गोष्ट

मागच्या व्हिडिओनंतर बऱ्याच जणांनी विचारलं, "सर, कर 10 टक्केच, मग फरक कसा पडतो?" वही घ्या.

वाळूजच्या कारखान्यातला कूलर 1000 रुपयांचा. होलसेलर त्यावर 200 ठेवतो, गुलमंडीवरचा दुकानदार 300. दर 10 टक्के, हिशोबापुरता धरलाय.

आधी उलाढाल कर. कारखानदार 100 कर लावून 1100 ला देतो. होलसेलरसाठी हे 1100 म्हणजे खरेदीच. त्यात 200 मिळवून 1300, कर 130, बिल 1430. दुकानदाराचे 1730, कर 173. गिऱ्हाईक देतं 1903, त्यात कर 403!

आता व्हॅट, जो महाराष्ट्रात 1 एप्रिल 2005 ला आला. होलसेलर 1200 वर 120 घेतो, पण आधी भरलेले 100 वजा करून सरकारला 20 च देतो. दुकानदार 150 घेतो, 30 भरतो. गिऱ्हाईकाला कूलर 1650 ला. नफा प्रत्येकाचा तेवढाच.

खरी गंमत पुढे आहे. कारखानदाराने स्वतःच दुकान टाकून 1500 ला विकला, तर उलाढाल करातही किंमत 1650 च. म्हणजे मार बसतो तो मधल्या होलसेलरला. वस्तू जितके हात बदलेल तितकी महाग.

जीएसटीतही क्रेडिट आहे. पण होलसेलर कंपोझिशनमध्ये असेल तर त्याला क्रेडिट नाही आणि बिलावर कर लावता येत नाही. कारखान्याचे 100 त्याच्या खरेदीत मुरतात, दुकानदार पुन्हा पूर्ण किमतीवर कर भरतो. तुमचं गिऱ्हाईक दुकानदार असेल, तर कंपोझिशन घेण्याआधी हा हिशोब एकदा मांडून बघा.