तलाठी की फायनान्स कंपनी? पगारापेक्षा वाट पाहण्याचा हिशेब मोठा

वाशिमसारख्या जिल्ह्याच्या गावातला एक बी. कॉम. झालेला मुलगा डोळ्यांसमोर आणा. हातात फायनान्स कंपनीचं वर्षाला ३ लाखांचं ऑफर लेटर आहे आणि घरच्यांचा आग्रह तलाठी भरतीचा. (पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी, पण गावात तलाठीच म्हणतात.)

आधी पगार पाहू. तलाठ्याचं सुरुवातीचं मूळ वेतन २५,५०० रुपये. महागाई भत्ता ५५ टक्के धरला, तर त्यात १४,०२५ रुपये येतात. लहान शहराचा १० टक्के घरभाडे भत्ता म्हणजे आणखी २,५५०. एकूण ४२ हजारांच्या पुढे. त्यातून पेन्शनसाठी मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या १० टक्के व व्यवसाय कर गेला, की हातात साधारण ३८ हजार राहतात.

३ लाखांच्या पॅकेजमध्ये मात्र कंपनीचा पीएफचा वाटा आणि ग्रॅच्युइटीही मोजलेली असते. मूळ पगार निम्मा धरला, तर दरमहा खात्यात येतात सुमारे २१,२०० रुपये.

म्हणजे निर्णय सोपा? तिथेच गणित फसतं. ३८ हजार मिळतात ते निवड झालेल्याला. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी १० लाखांहून अधिक अर्ज आले होते. एका जागेमागे दोनशेहून जास्त. त्याआधीची मोठी भरती २०१९ ची. मधल्या चार वर्षांत पदवी घेतलेल्यांनी नुसती जाहिरातीची वाट पाहिली.

समजा, या मुलाने नोकरी नाकारून तीन वर्षं पुण्यात अभ्यास केला. बुडालेला पगार सुमारे ७.६ लाख. खोली, मेस, अभ्यासिका मिळून महिना ९ हजार धरले, तर आणखी ३.२ लाख. निवड झाली तरी हे १०.८ लाख भरून निघायला, आजच्याच पगारातल्या फरकाने, पाच वर्षांहून अधिक लागतात. निवड झाली नाही, तर हातात तीन वर्षांची रिकामी जागा असलेला बायोडेटा उरतो.

खासगीत वाढ होते, पण बहुतेक वेळा नोकरी किंवा शहर बदलल्यावर. त्याच शाखेत बसून वर्षाला १० टक्के वाढ मिळाली, तरी वेतनवाढ आणि महागाई भत्ता घेत पुढे जाणाऱ्या तलाठ्याला गाठायला दोन दशकं लागू शकतात. पुणे-नागपूरला गेलं तर पगार वाढतो, पण भाडंही मागे लागतं.

त्यामुळे नोकरी धरून अभ्यास करणं हाच बरा मार्ग वाटतो. खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ वर्षांपर्यंत संधी असते, त्यामुळे घाई नाही. फक्त वसुलीच्या कामाला वेळेचं बंधन नसतं, हे रुजू होण्याआधी विचारून घ्यावं. आणि ऑफर लेटरवर कंपनीचंच नाव आहे की मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीचं, ते पाहावं. रुजू झाल्यावर पीएफच्या पासबुकातही आस्थापनेचं नाव दिसतं. तिथे एजन्सी असेल, तर तिचं कंत्राट संपलं की नोकरीही संपू शकते.