चिपको आणि नर्मदा : तुलना मागण्यांची

‘चिपको आंदोलन आणि नर्मदा बचाव आंदोलन यांच्या मागण्यांची तुलना करा.’ नागरिकशास्त्रात असा दीर्घोत्तरी प्रश्न आला की बहुतेक मुले एक पान चिपकोवर लिहितात, एक पान नर्मदेवर लिहितात आणि शेवटी ‘दोन्ही आंदोलने अहिंसक होती’ असे म्हणून पेन खाली ठेवतात. ही दोन टिपणे झाली, तुलना झालीच नाही. तुलना करायची तर दोन्ही आंदोलनांना एकच प्रश्न विचारावा लागतो. मला वाटते तो प्रश्न असा असावा: लोकांनी कोणाकडे काय मागितले, आणि जे पदरात पडले ते मागितलेलेच होते का?

चिपकोबद्दल मुलांच्या मनात एकच चित्र असते, झाडाला मिठी मारलेल्या बायकांचे. त्यामुळे ‘झाडे तोडू नका’ हीच मागणी होती असे उत्तर लिहिले जाते. प्रत्यक्षात सुरुवात वेगळीच होती. गढवालच्या चमोली जिल्ह्यात, तेव्हाच्या उत्तर प्रदेशात, दशोली ग्राम स्वराज्य संघ ही चंडीप्रसाद भट्ट यांची संस्था शेतीची अवजारे बनवत असे. त्यासाठी अंगू नावाच्या झाडाचे हलके, चिवट लाकूड लागे. वनखात्याने ते लाकूड संस्थेला नाकारले आणि तीच झाडे खेळाचे साहित्य बनवणाऱ्या अलाहाबादच्या एका कंपनीला दिली. १९७३ मध्ये मंडल गावात लोक या तोडीच्या आड उभे राहिले आणि कंपनीच्या माणसांना परतावे लागले.

म्हणजे गावाला लाकूड हवेच होते. तक्रार होती ती जंगल बाहेरच्या ठेकेदाराला देण्याबद्दल. मागण्या त्यातूनच निघाल्या: ठेकेदारी बंद करा, जंगल-जमीन-पाण्यावर गावाचा प्रभावी ताबा असू द्या, स्थानिक लघुउद्योगांना कच्चा माल स्वस्तात द्या, जंगलात राबणाऱ्या भूमिहीन मजुरांना किमान वेतनाची हमी द्या. १९७० च्या अलकनंदेच्या महापुरानंतर, वरच्या उतारावरची झाडे गेली की खाली दरडी आणि पूर येतात हेही लोकांनी जोडून पाहिले होते. २६ मार्च १९७४ ला रेणी गावातले पुरुष नुकसानभरपाईसाठी चमोलीला गेले होते. तेव्हा गौरादेवींसह २७ बायका-मुलींनी तोड थांबवली. चूल, चारा आणि पाणी यांचा भार ज्यांच्या डोक्यावर, त्या बायका यानंतर आंदोलनाच्या केंद्रस्थानी आल्या.

नर्मदेचा वाद आपल्या घरातला आहे. सरदार सरोवर धरण गुजरातेत आहे, पण त्याच्या पाण्याखाली जाणाऱ्या २४५ गावांपैकी ३३ गावे महाराष्ट्राची, आजच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. महाराष्ट्राला या प्रकल्पातून विजेचा २७ टक्के वाटा ठरला होता. १९७९ च्या नर्मदा जलविवाद लवादाने पुनर्वसनासाठी त्या काळाच्या मानाने चांगली अट घातली होती: ज्याची पाव हिश्शापेक्षा जास्त जमीन जाईल त्या कुटुंबाला किमान दोन हेक्टर सिंचनाखालची जमीन, सज्ञान मुलगा हे वेगळे कुटुंब, आणि पुनर्वसन झाल्याशिवाय बुडवणूक नाही.

म्हणून सुरुवातीची मागणी साधी होती. आम्हाला माहिती द्या, आणि लवादाने सांगितले आहे ते अमलात आणा. अडचण इथेच होती. सातपुड्यातले अनेक आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या वनजमीन कसत होते, पण सातबाऱ्यावर त्यांचे नाव नव्हते. कागदावर ते अतिक्रमक ठरत, मग ‘जमिनीला जमीन’ त्यांना कशी लागू व्हावी? पुरेशी जमीन दिसेना, गणती पुरी होईना. १९८८ मध्ये मेधा पाटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धरणालाच विरोध जाहीर केला. आता ‘हे धरण कोणाच्या भल्यासाठी, आणि ते ठरवले कोणी’ असा प्रश्न उभा राहिला. उत्तरपत्रिकेत ही पायरी हमखास सुटते. मुले ‘धरण नको’ हीच पहिल्या दिवसापासूनची मागणी मानतात, आणि मागणी का बदलली हे लिहायचे राहून जाते.

आता दोन्ही शेजारी ठेवून पाहा. दोन्हींत मूळ मुद्दा स्थानिकांच्या हक्काचा आहे, हे साम्य. फरक सोडवणुकीच्या शक्यतेत आहे. चिपकोच्या मागणीवर सरकारला नियम बदलून तोडगा काढता येत होता, कारण जंगल जागेवरच राहणार होते आणि वाद त्याच्या वापराचा होता. बुडालेले गाव परत वर येत नाही. शिवाय चिपकोत एकच राज्य सरकार समोर होते, तर नर्मदेत तीन राज्यांतली गावे, केंद्र सरकार, जागतिक बँक आणि सर्वोच्च न्यायालय गुंतलेले होते.

फळाच्या बाबतीत तर तुलना फारच बोलकी होते. १९८० मध्ये उत्तर प्रदेशच्या हिमालयात एक हजार मीटरच्या वर १५ वर्षे व्यापारी तोडबंदी आली. हे यश मोठे आहे, पण लोकांनी मागितला होता ताबा आणि मिळाली बंदी. निर्णय सरकारच्याच हातात राहिला. पुढे त्याच डोंगराळ भागात वनकायद्यांमुळे रस्ते-पाण्याची कामे अडतात म्हणून नाराजी उसळली. नर्मदेत स्वतंत्र तपासणीचा प्रतिकूल अहवाल आल्यावर १९९३ मध्ये भारताने जागतिक बँकेचे उरलेले कर्ज नाकारले. धरण मात्र थांबले नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००० मध्ये दोन विरुद्ध एक अशा मताने बांधकामाला परवानगी दिली आणि उंची पुनर्वसनाच्या प्रगतीनुसार टप्प्याटप्प्याने वाढवावी असे सांगितले. म्हणजे इथे मोठी मागणी हरली, आणि पहिली, पुनर्वसनाची मागणी कायद्याच्या भाषेत बळकट झाली.

उत्तराचा मधला परिच्छेद असा लिहिता येईल: ‘दोन्ही आंदोलनांनी साधनसंपत्तीवर स्थानिकांचा अधिकार मागितला. चिपकोने जंगलाची ठेकेदारी बंद करून गावाला वापराचा हक्क मागितला, तर नर्मदा आंदोलनाने आधी न्याय्य पुनर्वसन आणि ते होत नाही असे दिसल्यावर धरणच रद्द करण्याची मागणी केली. चिपकोला तोडबंदी मिळाली, पण ताबा मिळाला नाही. नर्मदा आंदोलनाला धरण थांबवता आले नाही, पण पुनर्वसनाची अट बांधकामाशी जोडली गेली.’ चार वाक्यांत दोन्ही नावे एकत्र येतात, कारणे येतात आणि निकाल येतो. वर्षे, गावे, माणसे यांचा तपशील याच्या आजूबाजूला भरावा.

शिक्षकांना एक विनंती आहे. पेपर तपासताना किती मुद्दे आले ते मोजण्याआधी, ‘पण’ आणि ‘तर’ यांनी दोन्ही आंदोलने एका वाक्यात आली आहेत का, हे पाहा. आणि नंदुरबारच्या ३३ गावांचा उल्लेख एखाद्या मुलाने केला असेल, तर त्याचे गुण जरूर द्या.