राठ हात, मऊ हात: तळहात नेमकं काय सांगतो?

ठाणे, कल्याण, डोंबिवली यांपैकी कुठल्याही स्टेशनबाहेर पडलं की ज्योतिष कार्यालयाची एखादी तरी पाटी दिसतेच. आत गेल्यावर आपण मूठ उघडून रेषा दाखवायला बसतो, पण मुरलेला हस्तसामुद्रिक लगेच रेषांकडे वळत नाही. आधी तो हात हातात घेतो, उलटासुलटा करतो, तळव्यावरून बोट फिरवून कातडीचा पोत बघतो, अंगठ्याच्या मुळाशी दाबतो, रंग न्याहाळतो. रेषा त्यानंतर. ‘तुम्ही मनाने हळवे आहात’ किंवा ‘तुमचा स्वभाव जरा हट्टी’ अशी वाक्यं बहुधा या पहिल्या मिनिटातच येतात.

या तपासणीमागे एक ठरलेली पद्धत आहे. अमेरिकेतल्या विल्यम बेनहॅम यांनी 1900 साली हस्तपरीक्षेवर जाडजूड पुस्तक लिहिलं आणि तिला ‘शास्त्रीय’ म्हटलं. त्यात पोताचे नाजूक, मध्यम आणि राठ असे प्रकार आहेत, घट्टपणाचे ढिला, मऊ, लवचिक आणि कडक असे, आणि पांढऱ्यापासून निळ्यापर्यंत रंग आहेत. प्रत्येकाला एकेक स्वभाव जोडला आहे. आपल्याकडची सामुद्रिकाची परंपरा तर कितीतरी जुनी. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’तही तळहाताच्या रंगाची आणि रुक्षपणाची फळं दिली आहेत. हात बघणाऱ्याला जे दिसतं ते बहुतेक वेळा खरंच असतं. चूक होते ती त्यावरून काढलेल्या निष्कर्षात.

गैरसमज: राठ कातडीचा माणूस राकट, नाजूक कातडीचा माणूस संवेदनशील

वस्तुस्थिती: तळहाताची कातडी अंगावरच्या इतर कातडीहून निराळी असते. तिच्यावर केस नसतात, तेलग्रंथी नसतात आणि वरचा मृत पेशींचा थर चांगला जाड असतो. जिथे पुन्हा पुन्हा दाब पडतो आणि घासलं जातं, तिथे खालच्या पेशी भराभर वाढतात, वरचा थर आणखी जाड होतो आणि घट्टा पडतो. ही कातडीने स्वतःच्या बचावासाठी केलेली सोय आहे.

डोंबिवलीतल्या पोळी-भाजी केंद्रात रोज शेकड्यांनी पोळ्या लाटणाऱ्या बाईचा हात डोळ्यांपुढे आणा. लाटण्याचा दाब जिथे बसतो तिथली कातडी टणक झालेली असते. तव्यावरची पोळी उलटून उलटून बोटांची टोकं जाड झालेली असतात. त्यातच दिवसभर कणीक मळणं, भांडी, साबण. पाण्याने आणि साबणाने कातडीतली स्निग्धता निघून जाते, मग ती कोरडी पडते, चरचरते, बोटांच्या पेरांवर भेगा पडतात. कल्याणच्या बाजारात पोती वाहणाऱ्या माथाडी कामगाराचे घट्टे वेगळ्या जागी असतील. घोडबंदर रोडवरच्या बांधकामावर सिमेंट कालवणाऱ्याची कातडी आणखी वेगळ्या तऱ्हेने बिघडेल, कारण ओलं सिमेंट अल्कधर्मी असतं आणि त्यातल्या क्रोमियमची ॲलर्जीही होऊ शकते. हे तिन्ही हात पुस्तकाप्रमाणे ‘राठ’ या एकाच खान्यात जातात.

आता तीच पोळी लाटणारी बाई बाळंतपणासाठी किंवा दुखण्यामुळे दोन-तीन महिने घरी राहिली, असं समजा. कातडीचा वरचा थर काही आठवड्यांत झडून नवा येतो. दाब थांबला की घट्टे हळूहळू विरतात, भेगा भरतात आणि हात पुष्कळ मऊ होतो. बाई तीच, तिचा स्वभावही तोच, पण हस्तसामुद्रिकाच्या नोंदीत तिचं खानं बदलतं. पुन्हा कामावर गेली की पुन्हा बदलतं. स्वभावाची खूण अशी रजेवर जात नाही.

बृहत्संहितेत रुक्ष तळहाताचं फळ दारिद्र्य असं दिलं आहे. निरीक्षण म्हणून ते त्या काळीही चूक नसेल. पण जो गरीब तो हातांनी राबतो, आणि जो राबतो त्याचे हात राठ होतात. कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झाली की त्यालाच ‘लक्षण’ म्हणतात. मुलगी बघायला आलेल्यांनी हात मऊ आहे का, ते बघण्यामागेही हाच हिशेब आहे. ते बघतात तिच्या घरची परिस्थिती, बोलतात मात्र तिच्या स्वभावाबद्दल.

गैरसमज: तांबडा हात तापट, फिकट हात थंड मनाचा, पिवळा हात उदास

वस्तुस्थिती: तळहातात रंगद्रव्य फार कमी असतं, म्हणून सावळ्या माणसाचा तळवाही फिकट दिसतो. तिथला रंग बराचसा कातडीखालच्या रक्ताचा असतो आणि तो घटकाघटकाला बदलतो. आत्ताच करून बघा. एक हात डोक्याच्या वर ताठ धरा, दुसरा खाली लोंबता सोडा. मिनिटभराने दोन्ही तळवे शेजारी आणा. वरचा फिकट, खालचा तांबूस. एकाच माणसाला दोन स्वभाव! गर्दीच्या लोकलमध्ये वरची कडी धरून आलेल्या माणसाचा हात लगेच पाहिला, तर दोन हातांची दोन निदानं होतील. खोलीतला पिवळा दिवा आणि थंडगार एसी आपापली भर घालतात ती वेगळीच.

दोन परंपरांचं आपसातही जमत नाही. बृहत्संहितेत लाखेसारखा लाल तळवा ऐश्वर्याचा, तर बेनहॅमच्या पुस्तकात लाल रंग अतिरेकी आवेशाचा. तिथल्या पिवळ्या रंगाचा संबंध पित्ताशी आणि पित्ताचा उदासपणाशी लावला आहे. ही युरोपातल्या जुन्या वैद्यकातली कल्पना आहे. तिथल्या वैद्यकाने ती केव्हाच सोडून दिली, हस्तपरीक्षेत मात्र ती टिकली.

रंगातून काही कळतं ते प्रकृतीचं. तळव्याचा फिकेपणा हा रक्तक्षयाचा संशय घ्यायला पुरेसा असतो. लहान मुलं तपासताना आरोग्यसेविका मुलाचा तळवा स्वतःच्या तळव्याशी ताडून बघतात ते यासाठीच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. अशा बाईला ‘तुम्ही अलिप्त स्वभावाच्या’ असं सांगून परत पाठवलं, तर हिमोग्लोबिन तपासायचं राहून जातं. अंगठ्याच्या आणि करंगळीच्या खालच्या उंचवट्यांवर कायम लाली असेल तर ती गरोदरपणाची, थायरॉइडची, संधिवाताची किंवा यकृताच्या आजाराची असू शकते. काही घराण्यांत ती जन्मजातच असते आणि त्यात काळजीचं काही नसतं. गाजर, पपई, लाल भोपळा फार खाल्ल्यानेही तळवे पिवळे होतात, पण तेव्हा डोळ्यांचा पांढरा भाग पांढराच राहतो. डोळेही पिवळे दिसले तर ती कावीळ. मग डॉक्टर गाठायचा.

गैरसमज: घट्ट हात कामसू, लिबलिबीत हात आळशी

वस्तुस्थिती: अंगठ्याच्या मुळाशी दाबल्यावर बोटाला लागतो तो शुक्राचा उंचवटा म्हणजे प्रत्यक्षात अंगठा हलवणारे स्नायू आणि त्यांवरची चरबी. तळव्याच्या मधोमध कातडीखाली तंतूंचा चिवट पडदा असतो, तो कातडीला धरून ठेवतो. घट्टपणा ठरतो तो या तिघांवरून, वयावरून आणि अंगातल्या पाण्यावरून. रोज वजनं उचलणाऱ्या आळशी मुलाचा हात घट्ट लागेल, आणि सत्तरीतल्या उद्योगी आजीचा ढिला.

इथेही दाबून पाहणाऱ्याच्या हाती कधी कधी महत्त्वाची गोष्ट लागते. अंगठ्याखालचा उंचवटा एकाच हातात बसलेला, पोकळ वाटला आणि बोटांना रात्री मुंग्या येत असतील, तर मनगटात नस दाबली जात असल्याची शक्यता असते. बराच काळ मधुमेह असलेल्या काहींची कातडी जाड आणि ताठ होते, सांधे आखडतात. ओळखण्याची खूण सोपी आहे. नमस्कार करायला हात जोडले की बोटं एकमेकांना पूर्ण टेकत नाहीत, मध्ये फट राहते. असा हात पुस्तकात ‘कडक’ ठरतो आणि माणूस हट्टी. त्याला गरज असते ती साखर तपासून घेण्याची.

गैरसमज: गार, घामट हात म्हणजे भित्रा माणूस

वस्तुस्थिती: यात मात्र थोडं तथ्य आहे. तळहातावर घामाच्या ग्रंथी दाट असतात आणि त्या उकाड्यापेक्षा मनावरच्या ताणाला जास्त दाद देतात. परीक्षेच्या आधी हात ओले होतात, रक्तवाहिन्या आकसून गारही पडतात. पण यातून कळते ती त्या क्षणाची अवस्था. लग्न किंवा नोकरी अडली म्हणून भविष्य विचारायला आलेला माणूस तिथे अस्वस्थच बसलेला असतो. शिवाय काहींना लहानपणापासून, स्वस्थ बसले असतानाही, तळव्यांना पाझर फुटल्यासारखा घाम येतो. तो एक विकार आहे, बऱ्याचदा आनुवंशिक, आणि त्यावर त्वचारोगतज्ज्ञांकडे उपचार आहेत.

गैरसमज: ‘पण मला तर अगदी बरोबर सांगितलं!’

वस्तुस्थिती: 1948 साली बर्ट्राम फोरर या मानसशास्त्रज्ञाने 39 विद्यार्थ्यांना ‘तुमचं व्यक्तिचित्र’ म्हणून एकेक कागद दिला. कागद सगळ्यांचा एकच होता. पाचपैकी गुण द्यायला सांगितल्यावर सरासरी आली 4.26. रे हायमन हे पुढे मानसशास्त्रज्ञ झाले. विद्यार्थिदशेत ते पैसे मिळवण्यासाठी हात बघत आणि त्यावर त्यांचा विश्वासही होता. एका जाणत्याच्या सांगण्यावरून त्यांनी पुस्तकातल्या अर्थाच्या नेमकं उलट सांगून पाहिलं. समोरची माणसं तितकीच खूश झाली.

महाराष्ट्रात अशी चाचणी कुंडलीची झाली आहे. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी दोनशे मुलांच्या पत्रिका गोळा केल्या. त्यांतली शंभर मुलं अभ्यासात हुशार होती आणि शंभर बौद्धिकदृष्ट्या अक्षम. प्रत्येक ज्योतिषाला चाळीस पत्रिका पाठवून मूल कोणत्या गटातलं ते ओळखायला सांगितलं. 27 जणांनी उत्तरं दिली, ती सरासरी 46 टक्के बरोबर आली. नाणं उडवलं असतं तर पन्नासच्या आसपास आली असती.

तळहाताची अशी परीक्षा घरच्या घरी घेता येते. पाच जणांनी पडद्याआडून फक्त हात पुढे करायचा. आवाज नाही, चेहरा नाही, बांगडी-अंगठी-घड्याळ काढून ठेवायचं. बघणाऱ्याने पोत, रंग आणि घट्टपणा यांवरून प्रत्येकाचा स्वभाव कागदावर लिहायचा. मग पाचही कागद नावाशिवाय मिसळून प्रत्येकाला त्यातून स्वतःचा ओळखायला सांगायचं. नुसत्या अंदाजाने पाचात सरासरी एक जुळतो. दर खेपेला नवी माणसं घेऊन हे पुष्कळदा करा. जुळणाऱ्यांची सरासरी सातत्याने एकाच्या बरीच वर राहिली, तरच हातातून स्वभाव कळतो म्हणायचं.