कांजिण्यांच्या रजेचा अर्ज

‘माझी मुलगी आजारी असल्यामुळे आठ दिवस शाळेत येऊ शकली नाही. तरी रजा मंजूर करावी, ही विनंती.’ वर्गशिक्षिका म्हणून असे अर्ज मी ढिगानं वाचले आहेत. साध्या तापाला एवढं पुरतं, पण कांजिण्यांना पुरत नाही. कारण या अर्जातली एक तारीख वर्गातल्या बाकीच्या मुलांच्या कामाची असते. अंगावर पहिला फोड कधी दिसला, ती तारीख.

कांजिण्यांची लागण फोड दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच होऊ लागते. मूल तेव्हा हसतखेळत वर्गात बसलेलं असतं. पुढे सगळे फोड सुकून त्यांवर खपली धरेपर्यंत, म्हणजे साधारण पाच ते सात दिवस, लागण होऊ शकते. ज्याला लागण झाली, त्याच्या अंगावर मात्र लगेच काही दिसत नाही. त्याला दहा ते एकवीस दिवस लागतात.

आमच्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलीचं उदाहरण सांगते. सोमवारी, १० फेब्रुवारी २०२५ रोजी ती शाळेत होती. मंगळवारी सकाळी आंघोळ घालताना आईला तिच्या पाठीवर पाण्यानं भरलेले दोन-तीन बारीक फोड दिसले. आईनं तिला त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवलं आणि मला फोन केला. हे तिनं फार चांगलं केलं. डॉक्टर स्वतः तपासलेल्या तारखेचाच दाखला देऊ शकतात. आठवड्यानं जाऊन मागची तारीख घालून मागणं म्हणजे त्यांना खोटं लिहायला लावणं.

नवे फोड येणं शनिवारी थांबलं. पुढच्या मंगळवारी, १८ तारखेला, डॉक्टरांनी तिला पुन्हा पाहिलं. केस बाजूला सारून टाळू तपासली, कानामागे पाहिलं, कारण केसांत दडलेला ओला फोड घरच्यांच्या नजरेतून सुटतो. सगळीकडे खपल्या धरल्या होत्या. मगच त्यांनी तंदुरुस्तीचा दाखला दिला. बुधवारी शिवजयंतीची सुट्टी, म्हणून ती गुरुवारी शाळेत आली. सोबतचा अर्ज असा होता:

प्रति,
मा. मुख्याध्यापिका,

विषय: कांजिण्यांमुळे झालेल्या अनुपस्थितीबाबत.

महोदया,
माझी मुलगी (इयत्ता चौथी, तुकडी ब, हजेरी क्रमांक १७) हिच्या अंगावर दि. ११ फेब्रुवारी २०२५ रोजी कांजिण्यांचे पहिले फोड दिसले. त्याआधी ती दि. १० रोजी शाळेत हजर होती. दि. ११ ते १८ फेब्रुवारी या काळात ती घरी विश्रांती घेत होती. दि. १८ रोजी डॉक्टरांनी तपासून सर्व फोड सुकल्याचे व ती शाळेत येण्यास योग्य असल्याचे लिहून दिले आहे. अंगावरचे डाग काही आठवडे राहतील. तरी तिची रजा मंजूर करावी व या काळात घेतलेली चाचणी तिला पुन्हा देण्याची संधी मिळावी, ही विनंती.

सोबत: १) आजाराचा वैद्यकीय दाखला, दि. ११ फेब्रुवारी, २) तंदुरुस्तीचा दाखला, दि. १८ फेब्रुवारी.

आपली विश्वासू,
(पालकाची सही व फोन नंबर)

हे दोन दाखले वेगवेगळे असतात आणि पालकांची गफलत इथेच होते. पहिल्यात आजाराचं नाव, तपासल्याची तारीख आणि किती दिवस विश्रांती हवी ते असतं. पण विश्रांतीचे दिवस भरले म्हणजे फोड सुकले, असं नाही. एका पालकांनी ‘सात दिवस विश्रांती’ एवढाच कागद देऊन मुलाला वर्गात पाठवलं होतं. त्याच्या मानेवर दोन ओले फोड होते. मला त्याला परत घरी पाठवावं लागलं आणि तो रडवेला झाला. आजही ते आठवलं की वाईट वाटतं. म्हणून तंदुरुस्तीच्या दाखल्यावर नुसतं ‘फिट’ असून भागत नाही. ‘सर्व फोडांवर खपल्या धरल्या आहेत’ हे वाक्य डॉक्टरांकडून आवर्जून लिहून घ्या. दोन्ही कागदांवर त्यांची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक हवा. मूळ प्रती शाळेला द्या, झेरॉक्स घरी ठेवा.

लस घेतलेल्या मुलाला कधी कधी नुसते लाल ठिपके येतात, पाण्याचे फोड येतच नाहीत आणि खपलीही धरत नाही. अशा वेळी चोवीस तासांत नवा ठिपका आलेला नाही, हे डॉक्टरांनी लिहावं.

डागांचं वाक्य आईनं स्वतःहून घातलं होतं. त्यामुळे शेजारी बसायला कचरणाऱ्या मुलींना मी सांगू शकले, की हे डाग आहेत, यांनी कुणाला काही होत नाही.

पण अर्जाचा खरा उपयोग त्याआधीच, आईचा फोन आला त्या दिवशी झाला होता. सोमवारी ती वर्गात होती, हे तेव्हाच कळल्यामुळे मी कॅलेंडरवर दिवस मोजले. दहावा दिवस २० फेब्रुवारी, एकविसावा ३ मार्च. या दिवसांत मुलांच्या अंगावर लक्ष ठेवा, असं सगळ्या पालकांना कळवलं. तिचं नाव मात्र सांगितलं नाही. आमच्या एक सहकारी शिक्षिका तेव्हा गरोदर होत्या आणि त्यांना लहानपणी कांजिण्या आल्या होत्या की नाही, हे आठवत नव्हतं. गरोदरपणी कांजिण्या आईला आणि बाळालाही धोक्याच्या ठरू शकतात. त्या त्याच संध्याकाळी आपल्या डॉक्टरांकडे गेल्या.