डीलरशिप बंद करताना पत्रात काय लिहायचं?

वितरकाला ‘आजपासून व्यवहार बंद’ असं व्हॉट्सॲपवर कळवून करार संपत नाही. आधी करारातलं नोटिशीचं कलम काढा आणि पत्रात त्याचा क्रमांक लिहा. कारण न देता करार संपवायची मुभा असेल, तर कारणं उगाळू नका. वाद तिथूनच सुरू होतो.

समजा, मसाल्याच्या कंपनीच्या करारात ‘नोटीस मिळाल्यापासून ६० दिवस’ असं आहे. पत्र १ जुलैचं, स्पीड पोस्टने पोचलं ४ जुलैला. म्हणजे मुदत २ सप्टेंबरला संपते, ३० ऑगस्टला नाही. पोच जपून ठेवा.

मालाची मोजणी दोघांच्या माणसांनी एकत्र करावी. बॅच नंबर, एक्स्पायरी आणि फुटकी पाकिटं वेगळी लिहून यादीवर दोघांच्या सह्या. कोणता माल, कोणत्या दराने परत घेणार, हे पत्रातच हवं.

मग खातं. वितरकाकडे येणं ३,४०,०००. त्यातून डिपॉझिट २,००,०००, परत मालाची क्रेडिट नोट ९०,००० आणि स्कीमचे थकलेले क्लेम २०,००० वजा, उरले ३०,०००. खरी भांडणं या क्लेमवरच होतात, कारण ते बहुधा सेल्समनच्या तोंडी शब्दावर दिलेले असतात. म्हणून पत्रात क्लेम पाठवायची शेवटची तारीख द्याच. खातेउतारा जुळल्यावर ‘येणं-देणं बाकी नाही’ असं दोघांनी लिहून घ्यायचं.