केसपेपर कोणी, कुठून आणि केव्हा उघडावा?

दिवसपाळी संपवून घरी गेलेली परिचारिका रात्री अकरा वाजता मोबाइलवर दुसऱ्या विभागातील रुग्णाचा केसपेपर उघडते. रुग्णालयाची संगणक प्रणाली तिला अडवत नाही. कारण ती केवळ एकच प्रश्न विचारते, ‘ही परिचारिका आहे का?’

या पद्धतीला भूमिकाधारित प्रवेशनियंत्रण, म्हणजेच ‘रोल-बेस्ड ॲक्सेस कंट्रोल’ म्हणतात. डेव्हिड फेरायोलो आणि रिचर्ड कुन यांनी 1992 मध्ये तिची औपचारिक मांडणी केली. अधिकार व्यक्तीला न देता पदाला द्यायचे आणि व्यक्तीला त्या पदावर नेमायचे, हे तिचे सूत्र. पदे मोजकी आणि कामे ठरलेली असतील, तेथे ती पुरेशी ठरते. कोणाला काय पाहता येते, हेही यादीवरून तत्काळ सांगता येते.

अडचण विभाग, ठिकाण आणि वेळ यांची अट आली की सुरू होते. समजा, रुग्णालयात चार पदे, दहा विभाग आणि तीन पाळ्या आहेत. प्रत्येक संयोगासाठी स्वतंत्र भूमिका केल्यास त्यांची संख्या 120 होते. दुसरी इमारत जोडताच ती 240 वर जाते. ‘शस्त्रक्रिया-परिचारिका-रात्र’ अशी भूमिकांची नावे लांबू लागली, की ही पद्धत अपुरी पडत असल्याचे ओळखावे. शिवाय बदली झाल्यावर नवी भूमिका मिळते, पण जुनी काढायची राहून जाते.

गुणधर्माधारित नियंत्रण, अर्थात ‘ॲट्रिब्यूट-बेस्ड ॲक्सेस कंट्रोल’, येथे एकाच नियमात काम भागवते: पद परिचारिकेचे असावे, तिचा आणि रुग्णाचा विभाग एकच असावा, वेळ तिच्या पाळीतील असावी आणि संगणक रुग्णालयातील असावा. प्रत्येक वेळी या चारही अटी तपासल्या जातात. बदली होऊन नोंदीतील विभाग बदलला, की जुना प्रवेश आपोआप बंद होतो आणि नवा खुला होतो.

मात्र या पद्धतीची भिस्त नोंदींवर असते. आस्थापना विभागाने बदलीची नोंद आठवडाभर उशिरा केली, तर परिचारिकेला नव्या विभागातील एकही केसपेपर उघडता येणार नाही, जुन्या विभागातील मात्र दिसत राहतील. रात्री तातडीने दुसऱ्या विभागात धावून गेलेल्या परिचारिकेलाही नियम अडवील. त्यासाठी कारण नोंदवून तात्पुरता प्रवेश देणारी आपत्कालीन वाट ठेवावी लागते आणि तिच्या वापराची दुसऱ्या दिवशी तपासणीही करावी लागते. ‘हा केसपेपर कोण पाहू शकते?’ या प्रश्नाचे उत्तरही येथे अवघड होते. कारण ते वेळेनुसार बदलते.

म्हणून व्यवहारात दोहोंची सांगड घालणे श्रेयस्कर. कोणते काम करता येईल, हे पदाने ठरवावे. ते कुठे, केव्हा आणि कोणाच्या बाबतीत, हे गुणधर्मांनी. अशी व्यवस्था असती, तर रात्री अकरा वाजता तो केसपेपर उघडला नसता.